प्लास्टिकच्या रिसायकलिंगचा खरंच उपयोग होतो का? संवादलेखनासाठी मदत हवी

रेवती_सांगली
नमस्कार. मी अकरावीला आहे. 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' या विषयासाठी आम्हाला दोन विद्यार्थ्यांमधला संवाद लिहायचा आहे. विषय: प्लास्टिकच्या रिसायकलिंगने खरंच फायदा होतो का? एकाने होतो म्हणायचं, दुसऱ्याने होत नाही म्हणायचं. मॅडमनी सांगितलंय की घोषणा नकोत, दोघांनीही पुराव्यानिशी बोललं पाहिजे. माझा मसुदा असा सुरू होतो:

सायली: रिसायकलिंगमुळे कचरा कमी होतो, तेल वाचतं, लोकांना काम मिळतं.
ओंकार: पण जगातलं फक्त ९ टक्के प्लास्टिक रिसायकल झालंय. मग उपयोग काय?
सायली: म्हणून तर ते वाढवायला हवं.
ओंकार: इतकी वर्षं सांगून वाढलं नाही, आता कसं वाढेल?

इथून पुढे दोघं तेच ते बोलायला लागतात. संवाद पुढे कसा नेऊ?

बापूसाहेब_क
बंदी २०१८ पासून आहे, तरी आमच्या मंडईत पातळ पिशव्या सर्रास मिळतात. आधी पिशव्या बनवणारे कारखाने बंद करा, मग विद्यार्थ्यांना निबंध लिहायला लावा.

टिंबटिंब
बापूसाहेब, निबंध नाही, संवाद आहे. आणि बंदीचा नाही, रिसायकलिंगचा.

मेघना_पर्यावरण
रेवती, मी पदवीच्या मुलांना हाच विषय शिकवते. ९ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. तो २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासातला आहे. २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातला सुमारे ९ टक्के रिसायकल झाला, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला कचराभूमीत किंवा उघड्यावर पडला.

पण ओंकार तो आकडा ज्यासाठी वापरतोय त्यासाठी तो चालत नाही. ही सरासरी आहे. तिच्यात पाण्याची बाटली आहे, वेफर्सचं पाकीट आहे, गाडीचा बंपर आहे आणि अंगातला पॉलिस्टरचा शर्टही आहे. यातल्या प्रत्येकाचं पुढे काय होतं ते अगदी वेगळं आहे. तुझे दोघं 'प्लास्टिक' या एकाच शब्दावर भांडतात म्हणून अडकतात. त्यांच्या हातात दोन वस्तू दे, बाटली आणि वेफर्सचं पाकीट, आणि मग बोलू दे.

इंजि_राजू
एवढा खल कशाला? प्लास्टिक रस्त्यात घाला, प्रश्न संपला. मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांनी हे तंत्र काढलं, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्रीही मिळाली. रस्ते जास्त टिकतात. सायलीला हे एक उदाहरण दिलं की ती जिंकली.

वसईकर
माझं वसईला बाटल्या कापून, धुऊन त्यांचे बारीक तुकडे, म्हणजे फ्लेक्स, करायचं युनिट आहे. मेघनाताईंची सूचना योग्य आहे, म्हणून बाटलीचं मी सविस्तर सांगतो. रेवती, यातलं हवं ते घे.

माझ्याकडे बाटल्या दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांत येतात. एक लिटरची रिकामी बाटली साधारण २०-२५ ग्रॅमची, म्हणजे किलोला चाळीस-पन्नास बाटल्या धर. गठ्ठा फोडला की पट्ट्यावर माणसं निवड करतात. पारदर्शक एकीकडे, हिरव्या-निळ्या दुसरीकडे. पारदर्शकला सगळ्यात चांगला भाव, कारण तिला पुढे कोणताही रंग देता येतो. हिरवी हिरवीच राहते.

मग कापणी आणि पाण्याची टाकी. बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते, ती पाण्यापेक्षा जड, म्हणून तुकडे तळाला जातात. बूच पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई या दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं असतं, ते पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं. बुचांचा माल वेगळा काढून दाणा बनवणाऱ्याला विकतो. त्यानंतर कॉस्टिक सोडा घातलेल्या जवळजवळ उकळत्या पाण्यात धुलाई, म्हणजे लेबलचा गोंद सुटतो. बूच, लेबल, गोंद, माती, आत राहिलेलं पाणी हे सगळं वजा झालं की शंभर किलो गठ्ठ्यातून स्वच्छ फ्लेक्स पाऊणशे किलोच्या आसपास हाती लागतात. माल घाणेरडा असेल तर त्याहून कमी. आमच्या धंद्यात या तुटीवरच नफा-तोटा ठरतो.

टाकीला एक गोष्ट जमत नाही, पीव्हीसी हे आणखी एका जातीचं प्लास्टिक वेगळं करणं. पेट आणि पीव्हीसी दोन्ही जवळपास सारखंच जड, दोन्ही बुडतात. काही बाटल्यांना आवळून बसवलेलं वेष्टन असतं, ते पीव्हीसीचं असू शकतं. पेट वितळतं अडीचशे अंशांच्या वर. तिथे पोहोचेपर्यंत पीव्हीसी जळून आम्ल सोडतं. ते आम्ल पेटच्या रेणूंची लांब साखळी तोडतं आणि मालात तपकिरी-काळे ठिपके येतात. वेष्टनाचे थोडेसे तुकडे पुरा लॉट खालच्या दर्जाला नेतात.

म्हणून सायली 'बाटली रिसायकल होते' म्हणाली तर ओंकारने विचारावं, 'कोणत्या रंगाची, आणि वेष्टन कशाचं?'

अनघा_कोथरूड
वसईकर, वाचून बरं वाटलं. आमच्याकडे 'स्वच्छ' या वेचकांच्या संस्थेच्या ताई रोज कचरा नेतात. मी दुधाच्या पिशव्या आणि वेफर्स-बिस्किटांची पाकिटं धुऊन, वाळवून वेगळी देते. एकदा ताईंनी दुधाच्या पिशव्या पोत्यात नीट ठेवल्या आणि पाकिटं बाजूला काढली. मला वाईट वाटलं. मी पाणी वाया घालवतेय का?

वसईकर
दुधाच्या पिशवीचं पाणी वाया जात नाही. ती पॉलिथिनचीच असते, वितळवून दाणा होतो आणि मागणीही असते. फक्त दूध आत राहिलं तर वास धरते आणि भाव पडतो. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो तुकडा गटारात जातो. पिशवीलाच लटकू द्या.

वेफर्सचं पाकीट मात्र वेगळं. बाहेर छपाईचा थर, आत अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला थर, मध्ये चिकटवण्याचा थर. अॅल्युमिनियम मायक्रॉनच्या अंशाएवढं असतं. हे थर सोडवण्याचा खर्च त्यातून निघणाऱ्या मालापेक्षा जास्त होतो. आणि वजन बघा. छोटं पाकीट तीन-चार ग्रॅमचं, म्हणजे किलोला अडीचशे-तीनशे पाकिटं वाकून उचलायची, तेही बहुतेक वेळा भाव नसताना. ताईंनी बाजूला काढली कारण त्यांना विकत घेणारं कोणी नाही.

मेघना_पर्यावरण
अनघा, वाईट वाटून घेऊ नका, त्या ताईंचा हिशेब बरोबर आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि महापालिकेबरोबर करार करून स्वच्छ सहकारी संस्था २००८ पासून काम करते. वेचकांना सुका कचरा विकून उत्पन्न मिळतं. ज्याला भाव आहे ते गोळा होतं, ज्याला नाही ते मागे राहतं. आपल्याकडे रिसायकलिंग मुख्यतः या भावावर चालतं, जागृतीवर नाही. सायलीच्या 'रोजगार मिळतो' या वाक्यात हे यायला हवं.

राजू, रस्त्यांचं तंत्र खरं आहे. तापवलेल्या खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकतात, ते वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर मिसळतात. पीव्हीसी त्यातही चालत नाही. पण प्लास्टिक डांबराच्या काही टक्केच लागतं आणि रस्त्यात गेलेलं परत मिळत नाही. २०२२ च्या उत्पादक जबाबदारीच्या नियमांत रस्ते, सिमेंटची भट्टी आणि प्लास्टिकपासून तेल हे सगळं 'अंतिम विल्हेवाट' या गटात आहे आणि जे रिसायकल होऊ शकत नाही तेच तिकडे पाठवावं असं म्हटलंय. म्हणजे वेफर्सच्या पाकिटासाठी रस्ता ठीक, पण त्याला रिसायकलिंग म्हणून सायलीच्या पारड्यात टाकता येणार नाही.

इंजि_राजू
विल्हेवाट म्हणा नाहीतर काही म्हणा, नाल्यात जाण्यापेक्षा रस्त्यात गेलेलं बरं. नाला तुंबला की पहिला फोन आम्हाला येतो.

श्रीकांत_श्टुटगार्ट
इथे जर्मनीत बाटली घेताना २५ सेंट जास्त द्यावे लागतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळतात. २००३ पासून हे चालू आहे. ९० टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात. बाटली चेपली तर यंत्राला बारकोड वाचता येत नाही आणि पैसे मिळत नाहीत, म्हणून लहान मुलंसुद्धा जपून आणतात. भारतात हे केलं की वाद मिटेल.

वसईकर
श्रीकांत, इथे बाटली गोळा होत नाही असं नाही. भाव आहे म्हणून ती रस्त्यावर फार वेळ राहतच नाही. आमची अडचण वेगळी. ती ओल्या कचऱ्यातून, मातीतून येते. तुमच्याकडची यंत्रातून कोरडी आणि स्वच्छ येते, म्हणून तिची पुन्हा बाटली करणं सोपं जातं. अनामत आली तर माझा माल सुधारेल.

अनघा_कोथरूड
पण मग ताईंचं काय? बाटली दुकानात परत गेली तर त्यांच्या पोत्यात उरणार फक्त वेफर्सची पाकिटं.

श्रीकांत_श्टुटगार्ट
त्यांनीच बाटल्या नेऊन अनामत घ्यावी. इथेही काही लोक उद्यानांतून बाटल्या गोळा करून नेतात.

अनघा_कोथरूड
ज्या बाटलीसाठी ग्राहकाने पैसे भरलेत ती तो कचऱ्यात टाकेल कशाला? योजना आखताना वेचकांना केंद्र चालवायला दिलं तर गोष्ट वेगळी. नुसतं यंत्र बसवून होणार नाही.

मेघना_पर्यावरण
आता वसईकरांनाच एक विचारते, कारण ओंकारचा खरा मुद्दा इथे आहे. तुमचे फ्लेक्स जातात कुठे? बराचसा माल पॉलिस्टरच्या धाग्याला जातो ना? त्या धाग्याचा शर्ट होतो, शर्टात सूत मिसळलेलं असतं, रंग असतो, आणि तो शर्ट फाटला की त्याचा पुन्हा शर्ट होत नाही. म्हणजे बाटलीला एकच जास्तीचा जन्म मिळाला. मी ज्या अभ्यासाचा उल्लेख केला त्यात हेही आहे, की जे रिसायकल झालं त्यातलंही साधारण १० टक्केच एकाहून जास्त वेळा झालं.

वसईकर
धाग्याला जातो, खरं आहे. पण तो धागा नाहीतरी बनलाच असता, नव्या मालापासून. माझ्या एक किलो फ्लेक्समुळे एक किलो नवं पेट बनवायचं टळलं. एक जन्म का असेना, तेवढं तेल आणि तेवढी वीज वाचली. नव्या पेटच्या मानाने माझ्या मालाला लागणारी ऊर्जा निम्म्याहूनही कमी.

आणि पुन्हा बाटलीही करता येते. पेट ओलं वितळवलं की पाणीच त्याची साखळी तोडतं, म्हणून फ्लेक्स आधी तासन्‌तास गरम हवेत वाळवतात. मग दाणा करून वितळू न देता निर्वात भट्टीत तापवत ठेवला की साखळी पुन्हा लांबते आणि आतला वासही निघून जातो. यंत्रसामग्री महाग आहे, माझ्या आवाक्यातली नाही, पण असे मोठे कारखाने देशात आहेत. २०२२ च्याच नियमांत बाटल्या-डब्यांसारख्या कडक पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के रिसायकल केलेलं प्लास्टिक वापरण्याचं बंधन ठरवलंय.

मेघना_पर्यावरण
'टळलं' हा शब्द तुम्ही फार सहज वापरलात. तुमच्या एका किलोमुळे नवं एक किलो कमी बनलं, की तुमचा स्वस्त धागा बाजारात आला म्हणून कपडेच जास्त खपले? दुसरं घडलं असेल तर नवं प्लास्टिक काहीच कमी झालेलं नाही. आणि २०२० मध्ये कच्चं तेल घसरलं तेव्हा नवं पेट स्वस्त झालं. त्या वेळी तुमचा माल कोणी घेत होतं का?

वसईकर
तेव्हा गोदाम भरलं होतं, खोटं का बोलू. तेल उतरलं की गिऱ्हाईक नव्याकडे जातं, माझ्या धुलाईचा खर्च मात्र तेवढाच राहतो. म्हणूनच ३० टक्क्यांचं बंधन हवं. गिऱ्हाइकाला तेलाचा भाव बघून पळता येणार नाही.

मेघना_पर्यावरण
बंधन हवंच. पण तपासणीही हवी. उत्पादकांनी प्लास्टिक गोळा केल्याचा पुरावा म्हणून प्रमाणपत्रं विकत घ्यायची अशी पद्धत आहे, आणि २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखो बनावट प्रमाणपत्रं सापडली. प्लास्टिक हललंच नाही, कागद हलले.

रेवती_सांगली
सगळ्यांचे आभार. वसईकर काका, मी टाकीचा प्रयोग घरी केला. बाटली, बूच आणि लेबल कापून पाण्यात टाकलं. बूच तरंगलं. बाटलीचे काही तुकडे बुडले, पण काही वरच राहिले. दुसऱ्या एका सरबताच्या बाटलीचं आवळून बसवलेलं वेष्टन बुडालं. म्हणजे ते पीव्हीसी आहे का?

वसईकर
शाब्बास. वर राहिलेल्या तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटले असतील. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाक आणि चमच्याने ढवळ, बसतील खाली. आम्हीही टाकीत माल सतत ढवळत ठेवतो.

वेष्टन बुडालं एवढ्यावरून पीव्हीसी ठरत नाही. पेटच्याच जातीची वेष्टनंही असतात, तीही बुडतात. तरंगलं असतं तर पीव्हीसी नाही हे नक्की झालं असतं. आम्ही तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकला लावतो आणि परत ज्योतीत धरतो, ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. घरी हे करू नकोस, धूर विषारी असतो. मॅडमना सांगून प्रयोगशाळेत, धूर खेचणाऱ्या कपाटात करून बघता येईल.

टिंबटिंब
बुडणारं-तरंगणारं संवादात घाल. प्रयोग करणारी पात्रं वाचायला मजा येते.

रेवती_सांगली
घातलं. आता संवाद असा झालाय. ओंकार आणि सायली डब्याच्या सुट्टीत बोलतायत:

ओंकार: ही बाटली तू निळ्या डब्यात टाकलीस, पण हे पाकीटही त्यातच टाकलंस. दोघांचं पुढे एकच होणार का?
सायली: नाही. बाटलीला भाव आहे, ती कोणीतरी उचलून विकेल. चाळीस-पन्नास उचलल्या की किलो होतो. पाकिटं किलोभर करायला तीनशेपर्यंत लागतील, आणि घेणारं कोणी नाही.
ओंकार: मग पाकिटावर तीन बाणांचं चिन्ह कशाला?
सायली: ते कोणत्या प्रकारचं प्लास्टिक आहे ते सांगतं. ते कोणी घेईल का, हे नाही सांगत.
ओंकार: बरं, बाटली गेली. तिचा शर्ट झाला. शर्ट फाटला. पुढे?
सायली: पुढे बहुतेक काही नाही. पण त्या शर्टाइतकं नवं प्लास्टिक बनलं नाही.
ओंकार: हे तुला कसं कळलं? शर्ट स्वस्त झाला म्हणून दोन घेतले असतील तर?
सायली: तर माझा मुद्दा पडला. म्हणून नव्या बाटलीत जुनं प्लास्टिक घालायचा नियम हवा. बाटलीची बाटली झाली तरच ती जागा नव्याकडून घेतली असं म्हणता येईल.
ओंकार: आणि या पाकिटाचं?
सायली: याच्यासाठी रिसायकलिंग हे उत्तर नाही. ते रस्त्यात किंवा सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतं. नाहीतर एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं पाकीट बनवायला कंपनीला भाग पाडायला हवं.

हे चालेल का?

मेघना_पर्यावरण
खूप पुढे आलीस. एका वाक्यावर माझा आक्षेप आहे. 'बाटलीची बाटली झाली तरच' असं सायली म्हणते, पण बाटल्याच दुप्पट खपायला लागल्या तर ३० टक्के जुनं घालूनही नवं प्लास्टिक आजच्याहून जास्त लागेल. शंभर किलोच्या बाटल्यांना आज शंभर किलो नवं लागतं. उद्या दोनशे किलोच्या बाटल्या बनल्या तर १४० किलो लागेल. ओंकारने ही बेरीज तिच्यासमोर करावी.

वसईकर
ताई, हिशेब बरोबर आहे, पण ३० टक्के नसते तर दोनशे लागले असते. साठ किलो वाचलं ते वाचलंच.

रेवती_सांगली
तुमचं वाक्य ओंकारला देते, काकांचं सायलीला. सोमवारी मॅडमना दाखवते.

अनघा_कोथरूड
रेवती, संवादात बाटली उचलणारं 'कोणीतरी' आहे ना, तिथे वेचक ताई असं लिही. आणि अनामत आली तर तिला काय मिळेल हे ओंकारला विचारू दे. त्याचं उत्तर आमच्यापैकीही कोणी दिलेलं नाही.